सर्वांत भक्कम मुद्दा आधी, मध्ये की शेवटी? पटवून देणाऱ्या निबंधातल्या मुद्द्यांच्या क्रमाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुद्दे चांगले असूनही निबंध पटत नाही, तेव्हा पुष्कळदा दोष क्रमात असतो. क्रमाचे नियम हवेत सांगून कळत नाहीत, म्हणून इथे सगळीकडे एकच निबंध उदाहरणाला घेतला आहे. कोकणातल्या खाडीकाठच्या एका गावाची गणेशोत्सवाची स्मरणिका निघणार आहे आणि तिच्यात सुमारे ७०० शब्दांचा निबंध द्यायचा आहे: ‘खाडीकाठचं कांदळवन तोडू नये’. वाचणारे म्हणजे खारभूमीत भात लावणारे शेतकरी, खाडीत जाळं टाकणारे मच्छीमार आणि सणाला मुंबईहून आलेले चाकरमानी. यातले बरेच जण आजवर सरपणासाठी कांदळ तोडत आलेले आहेत, हे लिहिणाऱ्याने विसरायचं नाही.

एका वाक्यात सांगा, सर्वांत भक्कम मुद्दा कुठे ठेवायचा?

सुरुवातीला किंवा शेवटी, पण मध्ये नाही. वाचक शेवटपर्यंत वाचेल याची खात्री असेल तर दुसऱ्या क्रमांकाचा मुद्दा आधी आणि पहिल्या क्रमांकाचा शेवटी. ती खात्री नसेल, किंवा वाचक पहिल्या परिच्छेदातच पाठ फिरवेल अशी धास्ती असेल, तर सर्वांत भक्कम मुद्दा आधी. दोन्ही वेळा शेवटचा मुद्दा लेचापेचा नसावा. उतरत्या भाजणीने लिहिलेला निबंध वाचून संपतो तेव्हा वाचकाच्या हातात सर्वांत कमकुवत मुद्दा उरतो आणि त्याचाच प्रतिवाद करून तो मोकळा होतो.

पण मुळात कोणता मुद्दा भक्कम, हे कसं ठरवायचं?

क्रम लावण्याआधीचं खरं काम हेच आहे आणि बहुतेक जण ते गाळतात. लिहिणाऱ्याला जो मुद्दा सर्वांत आवडतो किंवा जो शोधायला सर्वांत कष्ट पडले, तोच त्याला भक्कम वाटतो. मुद्द्याचं वजन मात्र वाचकाच्या तराजूत ठरतं.

प्रत्येक मुद्दा वेगळ्या चिठ्ठीवर एका पूर्ण वाक्यात लिहा. मग त्या चिठ्ठीला तीन प्रश्न विचारा. हे खरं असेल तर या वाचकाचं स्वतःचं काही राहतं किंवा जातं का? हे खरं आहे की नाही, हे तो आपल्या डोळ्यांनी किंवा सहज मिळणाऱ्या कागदावरून पाहू शकतो का? आणि याला त्याच्या तोंडी तयार उत्तर आहे का? पहिल्या दोन प्रश्नांना ‘हो’ आणि तिसऱ्याला ‘नाही’ आलं, तर मुद्दा भक्कम.

आपल्या निबंधाचे मुद्दे या कसोटीवर लावून पाहू. पहिली चिठ्ठी: ‘बांधापुढचं कांदळवन लाटांचा जोर मोडतं, ते गेलं की खारबांध झिजतो, फुटतो आणि खारं पाणी भातशेतात शिरतं.’ शेतकऱ्याचं शेत जातं. कांदळ असलेल्या आणि नसलेल्या बांधातला फरक तो ओहोटीला चालत जाऊन पाहू शकतो. ‘बांध दुरुस्त करता येईल’ असं उत्तर तो देईल, पण खारं पाणी एकदा शिरलं की एका पावसाळ्यात सगळं मीठ धुऊन निघेलच असं नाही, हे त्यालाच जास्त ठाऊक असतं. हा मुद्दा भक्कम.

दुसरी चिठ्ठी: ‘कोळंबी, खेकडे आणि बोयसारख्या माशांची पिल्लं कांदळाच्या मुळांमध्ये आसरा घेतात.’ मच्छीमाराचा यात थेट संबंध आहे आणि त्याने हे पाहिलेलंही असतं. पण त्याच्याकडे तयार उत्तर आहे: ‘मासळी कमी झाली ती मोठ्या ट्रॉलरनी आणि एलईडीच्या उजेडावर केलेल्या मासेमारीने, आमच्या चार फांद्यांनी नाही.’ या उत्तरात तथ्यही आहे. म्हणून हा मुद्दा चांगला, पण पहिल्याच्या खालचा.

तिसरी चिठ्ठी: ‘मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये राज्यभर कांदळवन तोडायला मनाई केली आहे.’ हा मुद्दा कागदोपत्री बिनतोड आहे. तरी गावच्या वाचकासमोर तो फसतो, कारण तो काही पटवत नाही, फक्त धाक घालतो. ‘आमचे आजे-पणजे तोडत होते ते काय चोर होते?’ हे उत्तर तयारच असतं. खटला लढवणाऱ्यासाठी हा मुद्दा पहिल्या क्रमांकाचा आहे. स्मरणिकेत तो मधल्या परिच्छेदात एका वाक्यापुरता ठीक.

उरलेल्या चिठ्ठ्या: कांदळवनात होडीतून सफर घडवून पर्यटनाचं उत्पन्न, खेकडापालन, ‘पांढरी चिप्पी’ला २०२० मध्ये मिळालेला राज्य कांदळवृक्षाचा मान, आणि कांदळवनाच्या चिखलात साठून राहणारा कार्बन. यातला प्रत्येक मुद्दा खरा आहे. या वाचकासाठी एकटा उभा राहील असा मात्र एकही नाही.

‘सर्वांत भक्कम आधी’ हा क्रम कधी वापरावा?

तीन परिस्थितींत. वाचकाला विषयात रस नाही आणि तो अर्ध्यावर सोडून देण्याची शक्यता आहे. किंवा वाचक विरोधात आहे आणि ‘यांच्याकडे सांगण्यासारखं काही नाही’ असं ठरवूनच बसला आहे. किंवा निबंध कुठे कापला जाईल हे तुमच्या हातात नाही. स्मरणिकेत जागा कमी पडली की संपादक शेवटचे परिच्छेद उडवतो, आणि वर्तमानपत्राच्या वाचकांच्या पत्रातही बहुधा तेच होतं.

या क्रमाचा धोका वर आलाच: पुढचा प्रत्येक मुद्दा आधीच्यापेक्षा हलका वाटतो. तो टाळायचा तर शेवटी पहिल्या मुद्द्याकडे परत या, पण तेच वाक्य घोकू नका. तोच मुद्दा नव्या तपशिलाने सांगा. सुरुवातीला बांध कसा फुटतो हे सांगितलं असेल तर शेवटी खारं पाणी शिरलेल्या मळ्यात पुढच्या हंगामात काय उरतं ते सांगा. मुद्दा एकच, पण त्याची दोन टोकं दोन ठिकाणी. कमी शब्दांत लिहिताना ही विभागणी फार उपयोगी पडते.

मग ‘सर्वांत भक्कम शेवटी’ कधी?

वाचक आधीपासून विषयात गुंतलेला असेल तेव्हा. खाडीकाठच्या माणसाला कांदळवनात रस निर्माण करावा लागत नाही. ते त्याच्या परसाच्या पलीकडेच असतं. असा वाचक शेवटपर्यंत येतो, आणि येता येता त्याचा विरोध थोडाथोडा सैल करता येतो.

चढत्या भाजणीचं दुसरं कारण असं की काही मुद्दे तयारीशिवाय पूर्ण वजनाने पोचत नाहीत. बांधाचा मुद्दा थेट पहिल्या ओळीत आला तर विरोधी शेतकरी म्हणतो, ‘आमका म्हायत आसा ह्यां,’ आणि पुढे सरकतो. त्याच्या सरपणाच्या अडचणीची दखल आधी घेतली, मासळीचा मुद्दा सांगितला आणि मग बांधावर आलं, तर तोच मुद्दा तो थांबून वाचतो.

चढत्या क्रमात एक चूक वारंवार दिसते: पहिलाच मुद्दा सर्वांत कमकुवत ठेवायचा. चढायचं म्हणजे तळापासून सुरुवात करायची, असा समज त्यामागे असतो. रोमन वक्ता सिसेरोने याच चुकीवर बोट ठेवलं होतं. ऐकणाऱ्याची अपेक्षा लवकर पुरी झाली नाही तर पुढे कितीतरी जास्त कष्ट पडतात, असं त्याचं म्हणणं. म्हणून सुरुवात दुसऱ्या क्रमांकाच्या मुद्द्याने करा, चौथ्याने नाही.

मध्ये भक्कम मुद्दा ठेवायचाच नाही का? मग मध्ये काय ठेवायचं?

मधली जागा कमकुवत मुद्द्यांची, हा सल्ला दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे. रोमन वक्तृत्वशिक्षक क्विंटिलियनने या रचनेला ग्रीक कवी होमरचं नाव दिलं. होमरच्या ‘इलियड’मध्ये नेस्टर नावाचा म्हातारा योद्धा सैन्य उभं करतो तेव्हा रथ पुढे ठेवतो, शूर पायदळ मागे ठेवतो आणि बिचकणारे शिपाई दोघांच्या मध्ये घालतो, म्हणजे त्यांना पळायला वाट राहत नाही. मुद्द्यांचंही तसंच करावं, असं ते सांगणं.

याहून उपयोगी गोष्ट क्विंटिलियनने त्याच ओघात सांगितली आहे. भक्कम मुद्दे एकेकटे, सुटे मांडावेत. कमकुवत मुद्दे एकत्र घोळक्याने मांडावेत. त्याचं उदाहरण वारशासाठी खून केल्याच्या आरोपाचं आहे. तुला वारसा मिळणार होता, तो मोठा होता, तू गरीब होतास, सावकार मागे लागले होते, आणि मयत मृत्युपत्र बदलणार आहे हे तुला माहीत होतं. यातला एकही मुद्दा एकटा पुरेसा नाही, पण एका दमात आले की अंगावर येतात.

आपल्या निबंधात याचा उपयोग असा: खेकडापालन, होडीची सफर आणि न्यायालयाची मनाई यांना तीन परिच्छेद देऊ नका. एकाच परिच्छेदात, एकाच सूत्राखाली आणा: ‘उभं कांदळवन तोडलेल्यापेक्षा जास्त देतं.’ उदाहरणार्थ: ‘तोडलेलं कांदळ एका चुलीत एकदा जळतं. उभ्या कांदळात खेकडे पाळता येतात, ओहोटी-भरतीचं गणित सांभाळून पाहुण्यांना होडीतून फिरवता येतं, आणि न्यायालयाची मनाई असल्याने तोडणाऱ्याच्या मागे लागणारा ससेमिराही टळतो.’ तीन हलके मुद्दे दोन वाक्यांत संपले आणि कोणालाही एकटं उभं राहावं लागलं नाही.

यावर एक मर्यादा सांगायला हवी. घोळक्यातले मुद्दे एकाच दिशेने ओढणारे हवेत. राज्य कांदळवृक्षाचा मान या तिघांत बसत नाही, कारण इतर तीन वाचकाच्या फायद्या-तोट्याबद्दल आहेत आणि हा मानाबद्दल. तो घातला की सूत्र तुटतं. त्याला बाहेर ठेवणंच बरं.

‘पहिलं वाचलेलं जास्त परिणाम करतं’ किंवा ‘शेवटचं लक्षात राहतं’ हे मानसशास्त्राने सिद्ध केलेलं नाही का?

दोन्ही दावे अर्धवट उचललेले असतात. १९२५ मध्ये लुंड या संशोधकाने ‘आधी मांडलेली बाजू जिंकते’ असा नियमच मांडला होता. पुढच्या प्रयोगांत तो नियम टिकला नाही. कधी पहिली बाजू वरचढ ठरली, कधी दुसरी. १९५९ मध्ये मिलर आणि कॅम्पबेल यांनी वेळेचा भाग उलगडला. दोन्ही बाजू लागोपाठ वाचायला देऊन आठवड्याने मत विचारलं तर पहिल्या बाजूचं पारडं जड राहिलं. दोन बाजूंमध्येच आठवड्याचं अंतर ठेवून दुसरी वाचल्या वाचल्या मत विचारलं तर दुसरी सरस ठरली.

आता नेमकं काय मोजलं होतं ते पाहा. हे प्रयोग दोन विरुद्ध बाजूंच्या क्रमाबद्दल होते, एकाच बाजूच्या निबंधातल्या तीन मुद्द्यांच्या क्रमाबद्दल नव्हे. वादविवाद स्पर्धेत आधी बोलायचं की नंतर, या प्रश्नाला ते लागू पडतात. तुमच्या निबंधातल्या परिच्छेदांना जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

‘शेवटचं लक्षात राहतं’ हा दावा बहुधा शब्दांच्या याद्या पाठ करण्याच्या प्रयोगांतून येतो. तिथे यादीतले शेवटचे शब्द खरंच जास्त आठवतात, पण १९६६ मधल्या एका प्रसिद्ध प्रयोगात यादीनंतर ३० सेकंद आकडे मोजायला लावले आणि तो फायदा नाहीसा झाला. स्मरणिका मिटवून माणूस आरतीला उभा राहिला की ३० सेकंद कधीच होऊन गेलेली असतात. म्हणून शेवटी भक्कम मुद्दा ठेवायचा तो निव्वळ आठवणीच्या भरवशावर नाही. तोवरच्या वाचनाने त्याची वाट तयार झालेली असते आणि वाचक मत बनवतो तेव्हा तो समोर असतो, म्हणून ठेवायचा.

विरोधकांच्या आक्षेपाला उत्तर कुठे द्यायचं?

शेवटी नाही. शेवटचा परिच्छेद आक्षेपाला दिला की वाचक ‘डास होतात, सरपण कुठून आणायचं’ हे डोक्यात घेऊनच उठतो. नेहमीची जागा म्हणजे शेवटच्या भक्कम मुद्द्याच्या अगदी आधी. आक्षेप मिटतो आणि लगेच सर्वांत जड मुद्दा येतो.

याला अपवाद एकच. शीर्षक वाचताच वाचकाच्या मनात जो आक्षेप उठतो, तो थांबवून ठेवता येत नाही. ‘कांदळवन तोडू नये’ म्हटल्याबरोबर ‘मग चूल कशावर पेटवू?’ हे येणारच. तो आक्षेप दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यातच मान्य करा: ‘सरपणाची गरज खरी आहे, आणि ती भागवायची सोय सांगितल्याशिवाय हे लिहिण्यात अर्थ नाही.’ सविस्तर उत्तर नंतर दिलं तरी चालतं, पण ऐकून घेतलं आहे हे तिथेच कळायला हवं. उत्तर देताना खरी सोय सांगा. काजू-आंब्याच्या बागेतली दरवर्षीची छाटणी आणि सुरूच्या वाळलेल्या फांद्या यांतून किती भागतं, किती भागत नाही, हे गावागावात वेगळं असतं, तेव्हा आपल्या गावचं विचारून लिहा.

डासांचा आक्षेप मात्र मनात लगेच येत नाही, तो थांबू शकतो. डास साचलेल्या पाण्यात वाढतात. भरती-ओहोटीचं पाणी जिथे मोकळं फिरतं तिथे ते साचत नाही. भराव घालून वाट अडवली की डबकी होतात. हे उत्तर दोन वाक्यांत पुरतं.

आक्षेप मुळीच न मांडण्याची सोयही आहे, पण ती वाचक आधीच तुमच्या बाजूचा असेल तेव्हा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सैनिकांवर झालेल्या प्रयोगांतून हेच दिसलं: आधीपासून विरोधी मत असलेल्यांवर दोन्ही बाजू मांडणारं भाषण जास्त परिणाम करतं, आधीच सहमत असलेल्यांवर एकच बाजू मांडणारं.

एक मुद्दा समजायला दुसरा आधी लागतो. तरी वजनाप्रमाणेच क्रम लावायचा?

नाही, तिथे समजणं आधी येतं, वजन नंतर. कांदळाची मुळं चिखल धरून ठेवतात हे न सांगता ‘कांदळ बांध राखतं’ म्हटलं तर तो दावा हवेत राहतो. मुळांचं वर्णन मासळीच्या मुद्द्यातही लागतं. म्हणून मासळीचा मुद्दा आधी घ्यायला इथे आणखी एक कारण मिळतं: मुळं एकदाच सांगायची, पिल्लांच्या आसऱ्यासाठी, आणि बांधाच्या मुद्द्यावर आलं की ‘हीच मुळं’ एवढं म्हटलं की पुरतं.

चिठ्ठ्या रांगेत लावल्यावर प्रत्येक चिठ्ठीकडे पाहून विचारा: हिच्यातला कोणता शब्द किंवा वस्तू पुढच्या चिठ्ठीत पहिल्यांदा समजावली आहे? अशी एकही सापडली तर त्या दोघींची अदलाबदल करा, नाहीतर समजावणं आधीच्या चिठ्ठीत हलवा.

आमच्या ७०० शब्दांच्या निबंधाचा प्रत्यक्ष आराखडा कसा होईल?

प्रस्तावनेला साधारण ८० शब्द. त्यात म्हणणं काय ते स्पष्ट सांगायचं आणि सरपणाची अडचण मान्य करायची. मग मासळीचा मुद्दा, १७० शब्द, कारण मुळांचं वर्णन इथेच करायचं आहे. ट्रॉलरचं उत्तरही इथेच गुंडाळायचं: ‘मोठ्या ट्रॉलरना आवरणं आपल्या एकट्याच्या हातात नाही, पिल्लांचा आसरा राखणं आहे.’ या एका वाक्याने तयार उत्तराची धार जाते.

पुढे हलक्या मुद्द्यांचा एकत्र परिच्छेद, ११० शब्द. नंतर सरपण आणि डास यांची उत्तरं, ११० शब्द. मग बांधाचा मुद्दा, १९० शब्द, सर्वांत लांब. शेवटी ४० शब्दांत नेमकी मागणी: कोणता पट्टा राखायचा, कोणी आणि कधीपासून. एकूण ७००.

भक्कम मुद्द्याला सर्वांत जास्त जागा मिळाली आहे हे लक्षात घ्या. कोणता मुद्दा महत्त्वाचा, हे वाचक लांबीवरूनही ओळखतो. शेवटचा मुद्दा ६० शब्दांत उरकला तर शेवटी ठेवूनही तो मधल्यासारखाच वाटतो. शब्दमर्यादा संपत आली म्हणून नेमका हाच परिच्छेद आखूड होतो, आणि ही गोष्ट फार वेळा घडते. उपाय सोपा आहे: शेवटचा मुद्दा सर्वांत आधी लिहा आणि मग बाकीचे उरलेल्या जागेत बसवा.

जोडवाक्यांनीही क्रम मोडतो. ‘शिवाय’, ‘तसेच’, ‘आणखी एक मुद्दा म्हणजे’ यांनी भक्कम मुद्द्याची सुरुवात केली की तो जोडपुरवणी वाटतो. बांधाच्या परिच्छेदाची सुरुवात अशी करता येईल: ‘मासळी आणि सरपण बाजूला ठेवलं तरी एक गोष्ट उरते, ती म्हणजे आपली भातशेती.’ हा मुद्दा आधीच्यांपेक्षा मोठा आहे हे त्या वाक्यानेच कळतं.

हाच विषय तालुक्याच्या निबंध स्पर्धेत किंवा अधिकाऱ्याला द्यायच्या निवेदनात असेल तर?

क्रम बदलेल, कारण वजन बदललं. स्पर्धेचा परीक्षक एका बैठकीत पुष्कळ निबंध वाचतो, त्याचं ना शेत जातं ना मासळी. त्याच्यासमोर बांधाचा मुद्दाच आधी आणा, कारण तो सर्वांत नेमका आणि इतर निबंधांत न सापडणारा आहे. ‘निसर्गाचा समतोल’ बहुतेकांनी लिहिलेला असतो. शेवटी मासळीचा मुद्दा ठेवा आणि त्यात स्थानिक तपशील भरा.

अधिकाऱ्याच्या निवेदनात न्यायालयाची मनाई पहिल्या परिच्छेदात येते. तीच त्याला कारवाईचा अधिकार देते आणि बाकी मुद्दे तिच्या आधाराने उभे राहतात. बांध फुटण्याचा धोका दुसरा. होडीची सफर आणि खेकडे गाळलेलेच बरे, ते त्याच्या कामाचे नाहीत.

जितके मुद्दे जास्त तितका निबंध भक्कम, असं नाही का?

नाही. माणूस मुद्द्यांची बेरीज करण्यापेक्षा सरासरी काढल्यासारखा विचार करतो. १९८१ मधल्या प्रयोगांत दिसलं की कामाच्या माहितीत बिनकामाची माहिती मिसळली की कामाच्या माहितीचाही परिणाम पातळ होतो. ७०० शब्दांत दोन भक्कम मुद्दे आणि हलक्यांचा एक एकत्र परिच्छेद पुरे. कार्बनचा मुद्दा आपल्या गावच्या निबंधातून गाळायचा तो खोटा म्हणून नव्हे. ‘जगाचं हवामान सुधारायला आम्हीच सापडलो का?’ असं म्हणायला तो वाचकाला जागा देतो आणि त्या रागात बांधाचा मुद्दाही वाहून जातो.

लावलेला क्रम चालतो की नाही, हे छापण्याआधी कसं तपासायचं?

तुमच्या मताच्या नसलेल्या दोघांना निबंध वाचायला द्या. आवडला का, हे विचारू नका. दुसऱ्या दिवशी विचारा: ‘त्यात काय म्हटलं होतं?’ आणि ‘तुमचं उत्तर काय?’ पहिल्या प्रश्नाला दोघांनीही मधल्या परिच्छेदातली होडीची सफर सांगितली, तर तिथे जागा जास्त दिली आहे किंवा तिथलं वाक्य बाकीच्यांपेक्षा चटकदार झालं आहे. ते बोथट करा. दुसऱ्या प्रश्नाला दोघांनी एकाच मुद्द्यावर हल्ला केला, तर तो मुद्दा तुम्हाला वाटतो तितका भक्कम नाही. तो टोकावरून मध्ये हलवा किंवा काढा. वाचणारा कुठे थांबला हेही पाहा. पहिला मुद्दा संपल्यावरच कागद खाली ठेवला असेल, तर चढता क्रम या वाचकांसाठी नाही. बांधाला पुढे आणा.

परीक्षेत चिठ्ठ्या लावायला वेळ कुठे असतो?

पाच मिनिटं काढा. उत्तरपत्रिकेच्या कच्च्या पानावर मुद्दे एकाखाली एक लिहा. सर्वांत भक्कमापुढे १, त्याखालच्यापुढे २, बाकी सगळ्यांभोवती एकच कंस. परीक्षेत वेळ संपण्याची भीती असते, म्हणून १ आधी लिहा, मग कंसातले एका परिच्छेदात, मग आक्षेपाचं उत्तर, आणि २ शेवटी. वेळ कमी पडला तर कंस गाळा, २ गाळू नका.